दुरुस्त केलेल्या नोंदी

वडिलांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा मी नागपूरला एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर होतो. त्या दैनिकात बावीस वर्षे होतो. बातमीदारांनी पाठवलेल्या बातम्या वाचायच्या, कापायच्या, शुद्ध करायच्या आणि पानावर सोडायच्या, हे माझे काम. लांब रजा टाकून मी भिलाईला आलो. वडील तोवर दवाखान्यातून घरी आले होते. त्यांचा उजवा हात आणि उजवा पाय गेला होता. बोलणेही गेले होते, पण पूर्ण नाही.

आमचे घर जुनवानीला आहे. त्याआधी आम्ही खुर्सीपारला राहायचो. वडील पोलादाच्या प्लांटमध्ये क्रेन चालवत आणि तिथे दिवसभर हिंदी बोलत. घरात शिरले की चपला काढता काढता भाषाही बदलत. झटक्यानंतर त्यांची हिंदी जवळजवळ पुसली गेली. जे काही उरले ते घरातले, वऱ्हाडी-नागपुरी वळणाचे मराठी होते.

पहिले दहा दिवस त्यांच्याकडे एकच शब्द होता, 'हाव', म्हणजे हो. पाणी पाहिजे? हाव. पाणी नको? हाव. दुखते? हाव. बरे वाटते? हाव. आई एकदा त्यांचे तोंड पुसता पुसता म्हणाली, "चाळीस वर्सं झाले, मी काही म्हटलं का नाही म्हणायचे. आता सारंच हाव. हे आंधीच केलं असतं तं माहा संसार किती सोपा झाला असता." वडील म्हणाले, "हाव." आई हसली आणि तोंड फिरवून स्वयंपाकघरात गेली.

नंतर शब्द येऊ लागले, पण चुकीचे. चष्मा हवा असला की 'कुलूप' म्हणत. पंख्याकडे बघून 'दरवाजा' म्हणत. कधी त्यांना चूक कळायची, मग ते डाव्या हाताने हवेत काहीतरी खोडल्यासारखे करत. कधी कळायची नाही, आणि आम्ही तीच वस्तू का आणत नाही म्हणून ते रागाने आमच्याकडे बघत.

मंगळवारी आणि शुक्रवारी स्पीच थेरपिस्ट यायची. तिशीतली मुलगी, घरी मल्याळी, जन्म भिलाईच्या सेक्टरमधला, बोलणे हिंदी. तिच्या पिशवीत चित्रांचे पत्ते असत: कप, कंगवा, सायकल, कुत्रा, हात, डोळा. ती चित्र दाखवायची आणि वडिलांनी नाव सांगायचे. तिचा तक्ता हिंदीत छापलेला होता. वडील मराठीत बोलायचे आणि ती त्याचे हिंदी करून चौकटी भरायची. दुसऱ्याच भेटीत तिने मला विचारले, "भैया, मराठी में 'मेरा-मेरी' कैसे चलता है? चीज़ के हिसाब से, या बोलनेवाले के?"

मी म्हणालो, वस्तूच्या हिशेबाने. हिंदीसारखेच.

ती हसली. "पूछ लेना अच्छा है. मलयालम में तो एक ही शब्द है, बदलता ही नहीं. मेरी नानी यहाँ आईं तो उनको किसी ने बता दिया कि औरत है तो 'मेरी' बोलना, आदमी है तो 'मेरा'. पूरी ज़िंदगी बोलती रहीं, मेरी घर, मेरी चावल, मेरी आदमी. नाना चिढ़ते थे."

मी तिला फरक सांगितला. हिंदीत दोन लिंगे, मराठीत तीन. माझा हात, माझी मान, माझे डोके. बोलताना 'माझं डोकं', आणि आमच्या घरात माहा हात, माही मान, माहं डोकं. बोलणारा पुरुष असो की बाई, शेपूट बदलते ते ज्याची मालकी सांगायची त्या नामाच्या लिंगाने. माझे वडील आणि माझी आई दोघेही 'माहं डोकं'च म्हणणार. 'त्याचा' आणि 'तिचा' म्हणताना शब्दाच्या सुरुवातीच्या भागात मालक दिसतो, पण शेवटी तिथेही वस्तूच राज्य करते: तिचा हात, त्याची मान. आणि नामाला काही जोडले की हा फरक बुजतो. माह्या हातात, माह्या मानेत, माह्या डोक्यात. तिथे 'माह्या'वरून काहीच कळत नाही.

तिने हे सगळे वहीत उतरवून घेतले. मग म्हणाली, हे तुम्हाला वाटते त्यापेक्षा उपयोगाचे आहे. तिचे म्हणणे साधारण असे होते: या आजारात माणसाला वस्तू कळते, पण तिचे नाव सापडत नाही. नाव सापडत नसले तरी ते स्त्रीलिंगी की पुल्लिंगी, एवढे कधी कधी डोक्यात शिल्लक असते. नेहमी नाही, सगळ्यांत नाही. पण एखादा पेशंट 'माझी' म्हणतो आणि पुढे पुल्लिंगी शब्द टाकतो, तेव्हा शब्द चुकलेला असू शकतो आणि 'माझी' बरोबर असू शकते. म्हणून तिने मला एक वही करायला सांगितली. वडील दिवसभर जे बोलतील ते, वेळेसकट.

"जैसा बोलें, वैसा ही लिखिए," ती म्हणाली. "सुधारना मत."

मी म्हणालो, बातमीदार होतो, उतरवून घेता येते मला. हे खरे नव्हते. मी बातमीदारी दोन वर्षे केली होती आणि दुरुस्ती वीस वर्षे.

वहीत मी चार रकाने आखले. दिवस, वेळ, वाक्य, संदर्भ. अक्षर चांगले ठेवले. वडील म्हणत, "मले थे... थे कुलूप दे." मी लिहायचो: 'मला ते कुलूप दे. (चष्मा हवा होता.)' 'मले'चे 'मला' झाले, ते माझ्या लक्षातही आले नाही. भंडारा-गोंदियाकडून येणाऱ्या बातम्यांत बोलीतली वाक्ये असत, वाकड्या लिंगाची वाक्ये असत, हिंदीच्या वळणाने 'माझा घर' असे. ती वाचताना हात आपोआप चालायचा. डेस्कवर याला कुणी दुरुस्ती म्हणतही नाही. मजकूर नुसता 'पाहून घेतलेला' असतो.

तिसऱ्या आठवड्यात दुखणे सुरू झाले.

सकाळचे अकरा वाजले असावेत. वडील खाटेवर उताणे होते. उजवा निकामी हात आई नेहमी उशीवर ठेवायची, पण तो घसरून पोटावर येऊन पडायचा. वडिलांनी डावा हात त्या उजव्या हातावर ठेवला, दाबला आणि चेहरा वाकडा केला. मग म्हणाले, "माहं... माहं हात दुखून राहिलं."

मी वहीत लिहिले: 'माझा हात दुखतोय. (उजवा हात डाव्याने दाबून दाखवला.)'

तेव्हा मला यात काहीही चुकीचे वाटले नाही. लुळ्या हाताला दुखणे लागते, असे दवाखान्यातून निघतानाच सांगितले होते. खांद्याचा सांधा सैल पडतो, ताण बसतो. घराजवळचे डॉक्टर येऊन गेले. त्यांनी खांदा हलवून पाहिला, वडील कण्हले. डॉक्टरांनी हिंदीत विचारले, "हाथ में दर्द है?" वडील म्हणाले, "हाव." त्यांनी दुखण्याच्या गोळ्या लिहून दिल्या, सकाळ-संध्याकाळ. रक्त पातळ करायची गोळी आधीच चालू होती. मी हाताला शेक द्यायला लागलो आणि हात उशीवर राहावा म्हणून त्याला मऊ पट्टा बांधला.

त्यानंतर रोज एकदोनदा तरी तेच. "माहं हात." कधी नुसतेच "माहं, माहं", आणि पुढे काही नाही. नुसते असले की मी लिहायचो: 'माझा... (हात)'. कंस माझा होता.

वडील मुळात तक्रार करणारे नव्हते. एकदा प्लांटमध्ये पायावर लोखंडी आकडा पडला होता, तेव्हा ते घरी येऊन जेवले, मग मोजा काढला. त्यामुळे ते रोज दुखते म्हणत आहेत, याचा अर्थ फार दुखते आहे, हे आम्हाला कळत होते. काय दुखते तेही कळते आहे, असे आम्ही समजत होतो. गोळी दिल्यावर तासभर ते गप्प असत. गोळी लागू पडते आहे, असे मी थेरपिस्टला सांगितले.

जेवण कमी झाले. वरणभाताचे चार घास घेतले की मान फिरवत. आई म्हणाली, "तोंडाले चव नाही राहिली यायच्या." एकदा तिने मला बाजूला घेऊन सांगितले की यांना शी काळी होऊन राहिली. मी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी रक्तवाढीचे औषध चालू आहे का विचारले. चालू होते. त्याने काळी होते, ते म्हणाले. हे सगळे खरे होते. त्या औषधाने होते तशी.

पुढच्या मंगळवारी थेरपिस्टने माझी वही तासभर वाचली. मराठी तिला येत नसले तरी अक्षरे येत होती. मी तिला लिंगे सांगत गेलो आणि ती पेन्सिलीने खुणा करत गेली. ती खूश झाली. 'माझा हात', 'माझी चादर', 'माझे पाणी', सगळीकडे जोडी जुळत होती. एकाही ठिकाणी ताळमेळ चुकला नव्हता.

"इनका व्याकरण तो एकदम साबुत है," ती म्हणाली आणि वहीच्या समासात 'साबुत है' एवढे लिहिले. "मतलब जो शब्द बोल रहे हैं, ज़्यादातर वही बोलना चाह रहे हैं. ये अच्छी बात है, अम्मा."

आईने विचारले, काय म्हणते ही? मी सांगितले, बाबा जे म्हणतात तेच त्यांना म्हणायचे असते, असे म्हणते.

"मंग चष्म्याले कुलूप कावून म्हणतेत?" आई म्हणाली.

मी ते हिंदीत सांगितले नाही. आईचा प्रश्न भाबडा आहे, असे मला वाटले.

तिच्या तक्त्यावर तिने लिहिले: 'मेरा हाथ — सही'. हिंदीत हात पुल्लिंगी, पोटही पुल्लिंगी, डोकेही पुल्लिंगी. त्या चौकटीत वडिलांचे काहीही टाकले असते तरी 'मेरा'च झाले असते. मराठीत तसे झाले नसते. पण मराठी तिच्यापर्यंत माझ्या हातून पोचत होते.

शुक्रवारी ती जरा लवकर आली. आदली रात्र वाईट गेली होती. वडिलांचा चेहरा राखेसारखा झाला होता आणि ते पाय पोटाशी घेऊन कुशीवर पडले होते. ती म्हणाली, आज चित्रे नकोत, नुसते बसू. मग तिने मला या आठवड्याच्या नोंदी मोठ्याने वाचून दाखवायला सांगितले. सलग ऐकले की कधी लक्षात येते, असे तिचे म्हणणे.

मी वाचू लागलो. आई खाटेच्या पायथ्याशी बसून वडिलांचे तळपाय चोळत होती.

"बुधवार, सकाळी साडेनऊ. माझा हात दुखतोय. बुधवार, दुपारी दोन. माझा हात दुखतोय, माझा हात. गुरुवार..."

"बाबू, हे तू काय वाचून राहिला?" आई म्हणाली.

"बाबांचं बोलणं."

"असं नाही म्हटलं त्यायनं."

"असंच म्हटलं. मी समोर होतो."

"तू समोर होता. मी काय गावाले गेली होती? ते 'माहा हात' नाही म्हणत. 'माहं हात' म्हणतेत. 'माहं हात दुखून राहिलं.' रोजच म्हणतेत. मले वाटलं, तोंड वाकडं झालं म्हून बोलणंबी वाकडं झालं." आणि मग, नवऱ्याच्या तळपायावरचा हात न थांबवता, "तू शिकलेला हायेस. तुह्या वहीत बराबरच असन, म्हून मी बोलली नाही."

थेरपिस्टला चाल कळली होती, शब्द कळले नव्हते. "क्या बोलीं?"

मी म्हणालो, काही नाही, उच्चाराचे म्हणतात. मग थांबलो. मग आईचे वाक्य जसेच्या तसे म्हणून दाखवले.

"ये 'माहं' क्या है?"

"नपुंसकलिंग," मी म्हणालो. "डोकं वगैरे. हाताला नाही लागत."

"और 'राहिलं'?"

"तेही नपुंसकलिंग. हात असता तर 'राहिला'."

तिने माझ्या हातातली वही घेतली नाही. नुसते वहीकडे पाहिले. "आपने क्या लिखा है?"

"माझा."

"हर बार?"

मी हो म्हणालो.

तिने आवाज चढवला नाही. शरीराचे कोणते भाग नपुंसकलिंगी आहेत ते सांगा, म्हणाली. मी सांगू लागलो. डोकं. कपाळ. नाक. तोंड. पोट. ढोपर. बोट. 'बोट' म्हणताना मला एकदम सुटल्यासारखे झाले. बोट हाताचेच असते. वडील बोटावर हात ठेवत असतील, म्हणजे आम्ही फार चुकलेलो नव्हतो. मी तसे म्हणालोही.

"देखते हैं," ती म्हणाली.

तिची एक रीत होती. पेशंटला शब्द आठवत नसला की ती त्याचे पहिले अक्षर देते आणि उरलेला शब्द कधी कधी त्याच्या तोंडून आपोआप पडतो. मराठी शब्द मी सांगायचे आणि पहिले अक्षर तिने वडिलांच्या डोळ्यांत बघत म्हणायचे, असे ठरले.

"माहं डो..." तिचा उच्चार परका होता. वडील बघत राहिले.

"माहं ना..." काही नाही.

"माहं बो..."

"बोरसी," वडील म्हणाले. बोरसीला त्यांचा जुना क्रेनवाला मित्र राहतो. आई हसली आणि लगेच गप्प झाली. वडिलांनी डाव्या हाताने हवेत खोडले.

"माहं पो..."

"पोट," वडील म्हणाले. मग परत, "पोट. पोट. माहं पोट." आणि त्यांनी डाव्या हाताने उजवा हात मनगटापाशी धरून बाजूला ढकलला, अंगावरून एखादी वस्तू उचलून ठेवावी तसा, आणि त्याच्या खाली हात ठेवला.

आईने त्यांचा सदरा वर केला. मी पोटाला हात लावला. ते फळीसारखे होते.

अॅम्ब्युलन्स यायला जेवढा वेळ लागायचा तेवढा लागला. थेरपिस्ट आमच्याबरोबर आली. तिच्या पुढच्या भेटी तिने गाडीतूनच फोन करून रद्द केल्या. वाटेत वडील तोच शब्द म्हणत होते. सापडलेला शब्द परत हरवू नये म्हणून म्हणत असावेत, असे मला तेव्हा वाटले. दुखत होते म्हणून म्हणत असावेत, हे जास्त खरे असेल.

इस्पितळात सर्जनने पोट दाबले, सोडले, एक्सरे पाहिला. जठराशेजारी आतड्याला भोक पडले होते. आधी व्रण असावा, तो भळभळत असावा, मग फुटला. चालू औषधे त्याने वाचली. रक्त पातळ करायची गोळी आणि दुखण्याच्या गोळ्या. दुखण्याच्या गोळ्या कशासाठी, त्याने विचारले.

"हाथ के लिए," मी म्हणालो.

त्याने कागदावर लिहून घेतले. मग नेहमीचा प्रश्न आला. पेटदर्द कब से है?

माझ्या काखेत वही होती. मी ती उघडली. त्यात वेळ होती, संदर्भ होता, समास सोडून लिहिलेले अक्षर होते. सोळा दिवसांत हातदुखीच्या सव्वीस नोंदी होत्या. त्यांतल्या कोणत्या खरोखर हाताच्या आणि कोणत्या पोटाच्या, ते मला सांगता येईना. खांदा हलवल्यावर ते कण्हले होते, म्हणजे हातही दुखत असणार. कदाचित काही वेळा त्यांनी 'माहा हात'च म्हटले असेल. दोन्ही वाक्ये माझ्या वहीत सारखी दिसत होती.

"भैया, कब से?" सर्जनने परत विचारले.

"मला नक्की सांगता येणार नाही," असे मी मराठीत म्हणालो आणि तो माझ्याकडे पाहत राहिला.

आई पुढे झाली. तिची हिंदी मोडकी आहे. "सोळा दिन," ती म्हणाली. "पहिले दिन से 'माहं' बोलता था. मेरे को मालूम है."

सर्जनने सोळा दिवस लिहिले.

संध्याकाळी शस्त्रक्रिया झाली. आत खूप घाण पसरली होती, भोक शिवले आहे, वय आणि झटका बघता चोवीस तास महत्त्वाचे आहेत, असे त्याने बाहेर येऊन सांगितले. लवकर आणायला हवे होते, असे तो म्हणाला नाही. मी विचारलेही नाही.

थेरपिस्ट तोवर बाकावर बसून होती. जाताना तिने मला वही मागितली. मी दिली. तिने मंगळवारी लिहिलेले 'साबुत है' खोडले आणि वही परत केली. "गलती मेरी भी है," ती म्हणाली. "इतना साफ़ किसी पेशंट का होता नहीं. मुझे शक होना चाहिए था." चुकांची वाटणी करण्यात तिचा चांगुलपणा होता. पण तिने पहिल्याच आठवड्यात मला काय सांगितले होते, ते आम्हा दोघांनाही पाठ होते.

दुसऱ्या दिवशी वडील शुद्धीवर होते. नाकात नळी, तोंड कोरडे. ताप उतरत नव्हता. आईला आणि मला आळीपाळीने आत सोडत. दुपारी सिस्टरने दोघांनाही थांबू दिले. वडिलांनी डोळे उघडले, छताकडे पाहिले आणि म्हणाले, "माही..."

मी वही काढली.

"माही... माही..."

पुढे काही येईना. मी शब्दांची यादी करू लागलो. मान. छाती. कंबर. जीभ. थेरपिस्ट करायची तसे मी पहिले अक्षर देऊन पाहिले. "माही मा..." ते बघत राहिले. "माही छा..." त्यांनी डोळे मिटले. आणखी कितीतरी शब्द असू शकतात, हे मला कळत होते. चादर. गोळी. सायकल. लेक म्हणावे तर ती त्यांना झाली नाही. 'माही' म्हणजे एवढेच कळत होते की जे हवे आहे किंवा जे दुखते आहे, त्याचे नाव स्त्रीलिंगी आहे. ते माझ्याकडे पाहत होते आणि मी वहीकडे.

"सरक," आई म्हणाली. "पाठ असन. कालपासून उताणे पडून हायेत."

तिने सिस्टरला बोलावले. दोघींनी मिळून त्यांना थोडे कुशीवर केले आणि आईने पाठीखाली हात घालून वरून खाली चोळायला सुरुवात केली. ते परत काही बोलले नाहीत. पाठच होती की ते थकले होते, हे सांगता येत नाही. आईला मात्र शंका नव्हती. वेळ संपेपर्यंत ती चोळत राहिली आणि तिने त्यांच्याशी बोलणेही चालू ठेवले. पाठीला चट्टे पडून राहिले, घरी गेल्यावर तेल लावून देतो, असे काहीबाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे वडील गेले.

दुपारच्या त्या नोंदीत मी वेळ लिहिली आहे, आणि वाक्याच्या रकान्यात 'माही' तीनदा. त्यापुढे काही नाही. कंसही नाही.